नवरा यायला अर्धा तास उशीर झाला की माझे हातपाय गार पडतात

प्रश्न: आम्ही ठाण्यात मानपाड्याला राहतो. मिस्टर फोर्टला नोकरीला, रोज साधारण सव्वाआठला घरी येतात. साडेआठ वाजले आणि फोन नाही लागला की माझ्या डोक्यात ट्रेनमधून पडले, रिक्षाला ट्रकने उडवलं, असलंच सगळं दिसायला लागतं. छाती धडधडते, हात थरथरतात, पंधरा-वीस फोन करते. ते आले की मी रडते नाहीतर भांडते. माझे वडील मी दहावीत असताना ऑफिसमध्येच अटॅकने गेले, तेव्हा घरी फोनच आला होता. आता माझी सहा वर्षांची मुलगी पण विचारते, बाबा मेले का? मला कळतं की हे जास्त होतंय पण थांबवता येत नाही. काय करू?

उत्तर:

ताई, सगळ्यात आधी एक साधी गोष्ट बघा. सकाळी मिस्टर ज्या गर्दीच्या लोकलने जातात ती संध्याकाळच्या लोकलपेक्षा कमी धोक्याची नाही, उलट सकाळी ठाण्याला गाडीत शिरणं जास्त जिकिरीचं. पण सकाळी साडेनऊला तुम्ही मुलीचा डबा नाहीतर धुण्याची मशीन यात असता, हात थरथरत नाहीत. म्हणजे तुमची भीती धोक्याच्या हिशोबाने वरखाली होत नाहीये, ती घड्याळाच्या हिशोबाने होते. ‘या वेळेला यायला हवे होते’ आणि ‘अजून आले नाहीत’ यांच्या मधली जी मोकळी जागा असते ना, जिथे तुम्हाला काहीच माहीत नसतं, ती तुम्हाला सहन होत नाही. आमच्या मानसशास्त्राच्या भाषेत याला अनिश्चितता न सोसणं म्हणतात आणि सतत काळजी करणाऱ्या माणसांमध्ये हे अगदी हमखास सापडतं.

म्हणून मी तुम्हाला ‘काही होत नाही हो, उगाच काय’ असं सांगणार नाही. ते तुम्हाला घरातल्या सगळ्यांनी सांगून झालं असेल, आणि तुम्ही पेपर वाचता, मुंबईच्या लोकलवर वर्षाला दोन हजारांच्या वर माणसं जातात हे तुम्हाला माहीत आहे. त्यातले बरेच रूळ ओलांडताना जातात, आणि प्रवाशांच्या रोजच्या सत्तर लाखांच्या आसपास फेऱ्यांपुढे हा आकडा छोटा आहे, हे खरंच आहे, पण रात्री पावणेनऊला फोन लागत नसताना असलं गणित कोणाच्याही उपयोगाला येत नाही. ‘शक्यता कमी आहे’ म्हटलं की तुमचं मन लगेच म्हणणार, पण शून्य नाही ना. आणि मन बरोबरच बोलतंय. शून्य नाहीच, कोणाचीच नाही. त्यामुळे वाद तिथे घालायचाच नाही.

खरा घोळ तुमच्या विचारात नाही, तो फोनमध्ये आहे. समजा ८:३५ ला पहिला फोन केला, लागला नाही. भीती वाढली. मग आठव्या-नवव्या फोनला मिस्टरांनी उचलला, ‘अगं कुर्ल्याला गाडी उभी आहे.’ त्या क्षणी छातीवरचा दगड उतरतो. ही सुटका इतकी जबरदस्त असते की मेंदू त्यातून एक धडा घेतो: संकट होतं, फोन केला म्हणून टळलं. खरं तर फोन केला नसता तरी ते तेवढ्याच वाजता तसेच घरी आले असते, पण हे तुमच्या मेंदूला कधी बघायलाच मिळत नाही, कारण तुम्ही त्याला तोपर्यंत थांबूच देत नाही. मग पुढच्या वेळी भीती जरा आधी येते, फोन जरा जास्त लागतात. खाज सुटली की खाजवतो तसं, तेवढ्यापुरतं बरं आणि नंतर दुप्पट. फोनच्या जोडीला अजून काय काय करता तेही बघा. लास्ट सीन बघणं, सिंगल टिक आहे का डबल टिक, एम-इंडिकेटरवर कोण काय लिहितंय, टीव्हीवर मराठी न्यूज चॅनेल लावून खालची पट्टी वाचणं, गॅलरीत उभं राहून गेटकडे बघणं, त्यांच्या ऑफिसमधल्या मित्राच्या बायकोला फोन करणं. आम्ही या सगळ्याला सेफ्टी बिहेविअर म्हणतो आणि ट्रीटमेंट मुख्यतः यांचीच असते.

लाईव्ह लोकेशनबद्दल लोक नेहमी विचारतात, ते चालू ठेवलं तर टेन्शन जाईल ना? जात नाही. पहिले चार दिवस बरं वाटतं, मग तो निळा ठिपका विक्रोळी आणि कांजूरच्या मध्ये चार मिनिटं एकाच जागी दिसला की तोच पुरावा होतो. आधी निदान साडेआठपर्यंत शांतता होती, आता ऑफिसमधून निघाल्यापासून पहारा. देवाचं पण जरा नाजूकपणे सांगते. रामरक्षा रोज दिवेलागणीला म्हणत असाल तर खुशाल म्हणा, त्यात मला काहीही बोलायचं नाही. पण ते आले नाहीत म्हणून ती दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा म्हटली जात असेल, मध्येच चुकली तर पहिल्यापासून सुरू होत असेल, तर तो नववा फोनच आहे, फक्त वेगळ्या नंबरवर.

आता करायचं काय ते एका उदाहरणातून सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. कोपरखैरण्याच्या एक रिटायर्ड शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या. मुलगा ऐरोलीला आयटी कंपनीत, सेकंड शिफ्ट, रात्री दहाला सुटायचा आणि बाईकने ठाणे-बेलापूर रोडने पावणेअकरापर्यंत घरी. यांचे फोन सुरू. तो बाईकवर, उचलणार कसा? मग त्याने हेल्मेटच्या आत फोन कोंबायला सुरुवात केली, म्हणजे आईला अपघाताची भीती आणि त्या भीतीपायीच गाडी चालवताना फोनवर बोलणं. हे त्यानेच मला सांगितलं, त्याही चमकल्या. (तुमचे मिस्टर दारात लटकत असताना खिशातून फोन काढतात का, एकदा शांतपणे विचारून बघा.)

पहिल्या आठवड्यात मी त्यांना काही बदलायला सांगितलं नाही, फक्त लिहायला सांगितलं. वहीत पाच रकाने. भीती किती वाजता सुरू झाली, नेमकं काय होईल असं वाटलं, ते होण्याची खात्री शंभरात किती, मी काय काय केलं, आणि शेवटी खरं काय निघालं. यात दुसरा रकाना महत्त्वाचा. ‘काहीतरी वाईट होईल’ असं लिहायचं नाही, ‘घणसोलीच्या सिग्नलला ट्रकने धडक दिली आणि पोलिसांचा फोन येणार’ असं स्पष्ट लिहायचं, कारण धूसर भीती खोटी ठरत नाही, स्पष्ट लिहिलेली ठरते. आणि लिहायचं ते भीती चालू असताना, नंतर आठवून नाही. तो घरी आल्यावर सगळेच म्हणतात की मला तेवढं काही वाटलं नव्हतं.

त्या वहीतून दोन गोष्टी बाहेर आल्या. एक, त्यांचे फोन उशीर झाल्यावर सुरू होत नव्हते, साडेदहालाच, म्हणजे तो वेळेत असतानाच सुरू होत होते. दुसरं म्हणजे खात्रीच्या रकान्यात कायम सत्तर-ऐंशी आणि शेवटच्या रकान्यात पेट्रोल भरलं, हँडओव्हर लांबला, मित्राबरोबर वडापाव, पंक्चर. शिक्षिका त्या, आपल्याच वहीला लाल पेनाने मार्क देऊन आल्या.

मग ठरवलं की फोन बंद नाही करायचा, पुढे ढकलायचा. पहिले काही दिवस इच्छा झाल्यावर पाच मिनिटं थांबायचं आणि मग हवं तर करायचा. मग पंधरा, मग तीस. एकदम बंद करायला सांगितलं की माणूस दोन दिवस दात-ओठ खाऊन थांबतो आणि तिसऱ्या दिवशी चाळीस फोन करतो, म्हणून हे टप्पे. या थांबण्यात काय करायचं हाही प्रश्न असतोच. मन दुसरीकडे वळवायला म्हणून मुद्दाम सिरियल लावू नका, कारण तेही पळणंच आहे. जे काम तसंही त्या वेळेला करणार होतात ते करा, कणीक मळायची होती तर मळा, भीतीला बाजूच्या स्टुलावर बसू द्या. ती घालवायची नाहीये, ती असताना पोळ्या होतात हे बघायचंय. आणि मनात चित्र आलं की त्याच्याशी भांडण नको, फक्त एवढं म्हणायचं, ‘आत्ता माझ्या डोक्यात अपघाताचं चित्र आलंय.’ चित्र आलंय, बातमी आलेली नाही.

थांबल्यावर बहुतेकांना एक गोष्ट पहिल्यांदाच कळते, की भीती वर चढते, काही मिनिटं टोकाला राहते आणि अर्ध्या-पाऊण तासात आपोआप उतरायला लागते, फोन न करता. आधी कधी कळलंच नव्हतं कारण ती टोकाला जायच्या आतच फोन व्हायचा. मग पुढच्या पुढच्या वेळी ते टोक बुटकं होत जातं. सरळ रेषेत नाही होत हं, मध्येच एखादा दिवस पहिल्यासारखाच वाईट जातो, विशेषतः पावसात, झोप झालेली नसली की, किंवा त्या दिवशी खरंच काही बातमी आलेली असली की.

शेवटची पायरी त्यांच्या मुलाबरोबर ठरवली. आठवड्यातून एक दिवस, कोणता ते सांगायचं नाही, त्याने न कळवता तासभर उशिरा यायचं. हे करायला आई तयार पाहिजे, गंमत म्हणून परस्पर करायचं नाही. आणि मग एक दिवस खरंच झालं, पावसात घणसोलीजवळ बाईक घसरली, गुडघा सोलवटला आणि मनगट मुरगळलं. दहा मिनिटांत त्यानेच फोन केला. या रिक्षा करून गेल्या, एक्स-रे काढला, घरी आणलं, रात्री मूग-खिचडी केली. पुढच्या भेटीत मला वाटलं सगळं मुसळ केरात, तर त्या म्हणाल्या, मॅडम, त्या वेळी माझे हात थरथरले नाहीत. हे मी अनेकांकडून ऐकलंय. खरं संकट आलं की माणूस कामाला लागतो, थरथर असते ती काहीच माहीत नसतानाची. आणि त्या रात्री त्या आधी फोन करत बसल्या असत्या तरी बाईक घसरायची ती घसरलीच असती.

तुमच्यासाठी यात एक भर. ‘पण खरंच काही झालं असेल तर मी नुसती बसून राहू का?’ हा प्रश्न तुमच्या मनात येणार, आणि तो रास्त आहे. त्याचा निर्णय रात्री पावणेनऊला घ्यायचा नाही, रविवारी दुपारी जेवून झाल्यावर मिस्टरांबरोबर बसून घ्यायचा आणि कागदावर लिहायचा. गेल्या दोन-तीन महिन्यांत साधारण कसे कसे उशीर झालेत ते बघा, गाड्यांचा घोळ, स्टेशनवर रिक्षाची रांग, घोडबंदर रोडचं ट्रॅफिक, सगळं धरून नेहमीचा उशीर नऊ-सव्वानऊपर्यंत जातो असं निघालं तर रेषा पावणेदहाला मारा. पावणेदहापर्यंत काहीही नाही. पावणेदहाला एक फोन आणि एक मेसेज. सव्वादहाला त्यांच्या ऑफिसमधल्या एका ठरलेल्या माणसाला फोन. त्यानंतरही पत्ता नाही तर रेल्वेचा १३९, आणि पोलीस हवे असतील तर ११२. बस. पावसाळ्यात गाड्या बंद पडल्याची खात्रीची बातमी असेल तर रेषा दीड-दोन तास पुढे, हेही आधीच लिहा, कारण सायन-कुर्ल्याला पाणी भरलं की काय होतं ते आपल्याला दरवर्षी माहीत असतं. तुमच्यासाठी सुरुवातीला पावणेदहा फार लांब वाटेल, मग पहिला आठवडा ८:४५ धरा आणि दर आठवड्याला पंधरा मिनिटं सरकवा, चालेल. फक्त त्या दिवशीच्या त्या दिवशी रेषा बदलायची नाही, अलीकडे तर मुळीच नाही.

मिस्टरांचं काम यात मोठं आहे आणि ते बहुतेक उलटं करत असतील, प्रेमापोटीच. ठाण्याला उतरलो, रिक्षात बसलो, मानपाड्याला आलो असे तीन मेसेज टाकत असतील तर ते हळूहळू कमी करायचे, शेवटी ‘निघालो’ एवढा एकच, किंवा तोही नाही. नेहमीपेक्षा खूप उशीर होणार असेल तर कळवणं हे साधं सौजन्य आहे, ते कोणत्याही घरात असतंच, ते ठेवा. पण तुम्ही ‘सगळं ठीक ना?’ असं चौथ्यांदा विचारलंत तर त्यांनी ‘हो गं बाई हो’ म्हणण्याऐवजी ‘याचं उत्तर मी द्यायचं नाही असं आपलं ठरलंय’ एवढंच म्हणायचं, आवाज न चढवता. आणि आल्या आल्या भांडण नको. ते भांडण म्हणजे उरलेली भीतीच असते, पंधरा मिनिटं हातपाय धुवायला, चहाला द्या, मग बोला.

शरीराचं थोडक्यात. धडधड, गार हात, पोटात गोळा, मुंग्या, हे ॲड्रेनालिनमुळे आणि श्वास भरभर घेतल्याने होतं. जोरजोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यानेच बोटांना मुंग्या येतात आणि गरगरतं. त्रासदायक आहे, पण त्याने हार्ट बंद पडत नाही. मोठे मोठे श्वास घेऊ नका, नाकाने साधा घ्या, सोडताना लांबवा, तेवढं पुरे. कागदी पिशवीत श्वास घेणं वगैरे सिनेमातलं नको. मात्र हे सगळं मनाचंच आहे असं धरून चालण्याआधी एकदा तुमच्या फॅमिली डॉक्टरकडून थायरॉईड, हिमोग्लोबिन, बीपी आणि ईसीजी बघून घ्या. थायरॉईड वाढलेला असला किंवा ॲनिमिया असला तरी अशीच धडधड होते. आणि एकदा रिपोर्ट नॉर्मल आले की दर महिन्याला परत परत काढू नका, नाहीतर ते पण फोनसारखंच होतं.

वडिलांचं लिहिलंत ते मुद्दाम शेवटी घेतेय. दहावीतल्या मुलीच्या घरी एक फोन आला आणि सगळं बदललं, तिच्या मेंदूने ‘घराबाहेरचा माणूस’ आणि ‘फोन’ या दोन गोष्टी एकत्र बांधून ठेवल्या यात वेडेपणा काहीच नाही. पण त्यासाठी आधी वर्षभर लहानपणच उकरत बसायला हवं असं नाही, वर सांगितलेलं काम त्याशिवायही चालू होतं. फक्त एक फरक तपासा. तुम्हाला पावणेनऊला दिसतं ते मिस्टरांच्या अपघाताचं चित्र आहे, की त्या दिवशीचं घर, तो फोन, आईचा आवाज, जणू परत तिथेच उभ्या आहात असं? दुसरं असेल, त्याची स्वप्नं पडत असतील, फोनची रिंग वाजली की दचकायला होत असेल, तर हे वहीचं काम एकटीने सुरू करू नका. त्याला आघातावरची वेगळी थेरपी लागते, ती शिकलेल्या माणसाकडेच घ्या.

एरवीसुद्धा साधारण महिनाभर प्रामाणिकपणे करून फरक नाही पडला, किंवा हीच काळजी आता मुलीची शाळेची बस, आईची तब्येत, पैसे असं सगळीकडे पसरलीय, झोप उडालीय, तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जाऊन सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं यांवर काम करणारी थेरपी, करताय का असं स्पष्ट विचारा. साधारण बारा ते पंधरा सेशन लागतात. गोळ्यांची गरज आहे का ते सायकियाट्रिस्ट ठरवतील. रोज घ्यायच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे जातात, त्यामुळे चार दिवसांत सोडू नका आणि बरं वाटलं म्हणून मनानेही बंद करू नका. शेजारच्या काकूंनी दिलेली ‘अर्धी गोळी’ मात्र नको. ती लगेच शांत करते, म्हणूनच तिची सवय लागते, आणि वर सांगितलेलं भीती आपोआप उतरण्याचं शिक्षणही ती होऊ देत नाही. खर्चाचा प्रश्न असेल तर ठाण्याच्या सरकारी मनोरुग्णालयाची ओपीडी आहे, नावाला घाबरू नका, तिथे अशाच तक्रारी घेऊन कितीतरी माणसं येऊन घरी जातात. सरकारची टेलि-मानस हेल्पलाईन १४४१६ फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

मुलीला, बाबा मेले का, असं तिने विचारल्यावर ‘असं बोलू नये’ म्हणून गप्प करू नका आणि छातीशी धरून रडूही नका. ‘बाबांना उशीर होतोय, का ते आल्यावर सांगतील, तोवर आपण जेवून घेऊ’ एवढं म्हणा आणि खरंच पानं घ्या. आजवर तुम्ही तिलाही बाबा येईपर्यंत उपाशी ठेवत असाल तर ते आजपासून बंद. वही संध्याकाळी तिच्यासमोर भरायची नाही. आणि सायकॉलॉजिस्टकडे पहिल्या भेटीला जाल तेव्हा ती वही बरोबर न्या, मिस्टरांना पण न्या, त्यांनी किती मेसेज टाकायचे ते तिघांनी मिळून तिथेच ठरवलेलं बरं.